मधोमध फुगलेला, वरून चिरलेला केक: राजारामपुरीतील एका स्पंजचे प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीमध्ये राहणाऱ्या आणि घरूनच वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका बाईंचे हे प्रकरण आहे. त्यांचा नेहमीचा केक म्हणजे ८ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टिनमध्ये भाजलेला अंडी आणि लोण्याचा व्हॅनिला स्पंज. त्याचे आडवे तीन काप करायचे, मध्ये क्रीम भरायचे आणि वरून सपाट आयसिंग करायचे, अशी त्यांची पद्धत. चवीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार त्यांची स्वतःचीच होती, कारण प्रत्येक स्पंज मधोमध उंच फुगून वर येत असे आणि त्या फुगवट्याच्या माथ्यावर तीन बाजूंना फाटलेली चीर पडत असे.

फुगवटा सुरीने कापून टाकला की प्रश्न मिटतो, असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात त्या कापाकापीत दर केकमागे २०० ग्रॅमच्या आसपास भाग बाजूला पडत होता, आणि त्याहून मोठा तोटा कडेच्या उंचीचा होता. त्यांच्या सांगण्यावरून लाकडी काडीवर खुणा करून मोजले तेव्हा केकची उंची मध्यभागी ६.४ सेंटिमीटर, पण कडेला जेमतेम ३.४ सेंटिमीटर भरली. केक सपाट करायचा तर कडेच्या उंचीवरच कापावा लागतो. त्यामुळे तीनाऐवजी दोनच लेअर निघत आणि राहिलेली उंची क्रीमने भरून काढावी लागे. एकाच केकचे काम दीड केकच्या खर्चात जात होते, असे म्हणायला हरकत नाही.

मिश्रणाचे प्रमाण पाहिले तर त्यात खोट दिसत नव्हती. मैदा २०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी १२० ग्रॅम, अंडी तीन, दूध १२० मिलिलिटर आणि बेकिंग पावडर सपाट दीड चमचा, हे एका २० सेंटिमीटरच्या स्पंजसाठी सर्वसाधारण प्रमाण आहे. तरीही फुगवटा म्हणजे पावडर जास्त, असा समज करून घेऊन त्यांनी ती निम्मी करून पाहिली होती. फुगवटा थोडा बुटका झाला, पण सगळा केकच गच्च बसला आणि चीर होती तशीच राहिली. त्यांच्या जाऊबाईंचे म्हणणे वेगळेच होते : "कोल्हापूर उंचावर हाय न्हवं, म्हणून होतंय तसं." समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर पाणी १०० ऐवजी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, एवढा फरक पडतो हे खरे. पण केकच्या प्रमाणात बदल करावा लागतो तो याहून बऱ्याच उंचीवरच्या गावांत. शिवाय उंचीचा परिणाम सगळ्या केकवर सारखा व्हायला हवा. तो मध्यभागच निवडून फुगवणार नाही.

खरे कारण केक उभा कापल्यावर दिसले. कडेपासून बोटभर आतपर्यंतचा भाग गडद, कोरडा आणि घट्ट जाळीचा होता. मधल्या भागात जाळी मोठी आणि उभट, जणू सगळी छिद्रे वरच्या दिशेने ओढली गेली असावीत अशी होती. चिरेच्या आतली बाजू मात्र फिकट पिवळी होती, तिच्यावर तपकिरी रंगाचा मागमूस नव्हता, आणि एका बाजूला आतले पातळ मिश्रण चिरेतून वर येऊन थिजलेले स्पष्ट दिसत होते. वरची साल आधी भाजून कडक झाली, ती बऱ्यापैकी तपकिरी झाल्यानंतर फाटली, आणि त्या वेळी आतला भाग अजून ओलाच होता, असा क्रम या एका कापावरून लागतो.

हा क्रम का घडतो ते नीट समजून घेतले पाहिजे. ओव्हनमध्ये ठेवलेल्या टिनच्या धातूच्या भिंती चटकन तापतात आणि त्यांना टेकलेले मिश्रण सर्वांत आधी गरम होते. अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील पिष्ट साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत पोचले की मिश्रण द्रव राहत नाही, ते जागच्या जागी घट्ट होते आणि त्या क्षणापासून त्याचे वर चढणे थांबते. कडेला ही वेळ काही मिनिटांतच येते. मध्यभागी मात्र उष्णता मिश्रणातूनच सरकत सरकत पोचते आणि हवेचे बुडबुडे भरलेले मिश्रण उष्णतेचे चांगले वाहक नसते. म्हणून तिथे तीच अवस्था यायला अर्धा तासही लागू शकतो. एवढा सगळा वेळ बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड, फेटताना अडकलेली हवा आणि पाण्याची वाफ मधल्या मिश्रणाला फुगवत राहतात. कडा घट्ट झाल्यामुळे बाजूला सरकायला वाव नसतो आणि उरतो तो फक्त वरचा रस्ता. त्यातच वरच्या गरम हवेने आणि रॉडच्या झळेने पृष्ठभागावर साल धरलेली असेल, तर आतून येणारे मिश्रण तिला ताणत नेते आणि ताण सहन होईनासा झाला की ती मधोमध फाटते.

थोडक्यात, केक किती फुगतो यापेक्षा कडा आणि मध्य यांच्या घट्ट होण्याच्या वेळांत किती अंतर आहे, यावर फुगवट्याची उंची ठरते. ही गोष्ट लक्षात आली की पावडर निम्मी करूनही चीर का राहिली, हेही कळते. वायू कमी झाला, पण वेळांतले अंतर तेवढेच राहिले.

आता या घरातला ओव्हन. तो २८ लिटरचा साधा ओटीजी होता, वर आणि खाली दोन्ही रॉड चालू ठेवून बाई त्यात १८० अंशांवर ३५ मिनिटे केक भाजत. जाळीला टांगायचा ओव्हन थर्मामीटर आत लावून पाहिला तेव्हा बटण १८० वर असताना काटा २०० च्या वर जाऊन पुन्हा खाली येत होता. लहान ओटीजीमध्ये असे चढउतार नेहमीचेच असतात. थर्मोस्टॅट रॉड बंद करतो तोवर ते लालबुंद झालेले असतात आणि बंद झाल्यावरही काही वेळ उष्णता देत राहतात. शिवाय दार उघडून टिन आत ठेवेपर्यंत आतली हवा थंड होते, रॉड पुन्हा पेटतात आणि केकच्या पहिल्या दहा मिनिटांतच त्याला सर्वांत तीव्र झळ लागते. जाळी मधल्या खाचेत असल्याने फुगलेल्या केकचा माथा वरच्या रॉडपासून चार बोटांवर येत होता, आणि टिन काळ्या नॉनस्टिक लेपाचा होता, म्हणजे रॉडची झळ शोषून घेणारा. कडा आणि साल लवकर घट्ट व्हावी यासाठी जे जे करता येईल ते सगळे, नकळत का होईना, इथे जुळून आले होते.

पहिला उपाय उष्णता उतरवण्याचा ठरला. या टप्प्यावर बाईंच्या सासूबाईंनी शंका घेतली : "आच कमी केल्यावर केक फुगंल का गं? भट्टी तापल्याबिगर पाव फुगतोय व्हय?" पावाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण पावाला कणखर ग्लुटेनचा आधार असतो आणि तिथे वर चढलेला, फाटलेला माथा हवाच असतो. लेअरच्या स्पंजचे गणित निराळे आहे. थर्मामीटर १६० अंशांच्या आसपास स्थिर राहील एवढ्यावर बटण आणले. या ओव्हनमध्ये ती जागा १४० आणि १५० च्या मध्ये निघाली. जाळी एक खाच खाली घेतली आणि प्रीहीट दहाऐवजी वीस मिनिटे केले, म्हणजे ओव्हनच्या भिंती नीट तापतात आणि दार उघडल्यावर रॉडना फार वेळ पेटावे लागत नाही. मिश्रण, टिन आणि रॉड यांत काहीही बदल केला नाही, कारण एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही.

या वेळी केक भाजायला ४८ मिनिटे लागली. कडेची उंची ४.२ सेंटिमीटर झाली, मध्याची ५.४. चीर पडली नाही. माथा मंद उताराचा होता आणि सपाट करताना निघालेला भाग ९० ग्रॅमच्या आत होता. केकचे एकूण आकारमान जवळजवळ पहिल्याइतकेच भरले. म्हणजे सासूबाईंना वाटले तसा केक कमी फुगला नव्हता, मधे साचलेली उंची फक्त कडेकडे वाटली गेली होती.

मग उष्णता आणखी उतरवावी का, असा प्रश्न साहजिकच येतो, आणि तिथे या उपायाची मर्यादा दिसते. १४० अंशांवर भाजलेला स्पंज सपाट येतो खरा, पण त्याचा माथा फिकट आणि बोटाला चिकटणारा राहतो, एक तासाहून जास्त वेळ ओव्हनमध्ये राहिल्याने तो कोरडा पडू लागतो आणि जाळी भरड होते. याचे कारण असे की बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळायला आणि फुटायला मिश्रणाला भरपूर वेळ मिळतो, तर त्यांना धरून ठेवणारा सांगाडा उशिरा तयार होतो. कधी कधी मध्य बशीसारखा खाली बसतो. माझ्या मते २० सेंटिमीटरच्या लोण्याच्या स्पंजसाठी १६० अंश ही खालची हद्द धरावी.

उरलेला सव्वा सेंटिमीटर फुगवटा घालवण्यासाठी दुसरा उपाय केला तो ओल्या पट्टीचा. यात ओव्हन थंड न करता फक्त टिनची भिंत थंड ठेवायची असते. टिनच्या बाहेरून ओले सुती कापड गुंडाळले, की त्यातले पाणी शिल्लक असेपर्यंत ती भिंत १०० अंशांच्या वर जात नाही, भोवतीची हवा १७० अंशांवर का असेना. एक ग्रॅम पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच उकळते पाणी वाफ होताना घेऊन जाते. म्हणून थोडेसे पाणीही पाऊण तास पुरते. वाफेवर केलेला ढोकळा सोडा घालूनही सपाट का येतो, त्याचे कारणही हेच आहे. त्याच्या भोवती वाफेपेक्षा गरम असे काहीच नसते, त्यामुळे कडा घाईने घट्ट होत नाहीत आणि वर कडक साल धरत नाही. ओली पट्टी टिनच्या भिंतीपुरती ढोकळ्याची स्थिती निर्माण करते, पण माथा मोकळा ठेवते, म्हणून केकला वरून रंग येतो.

बाईंनी प्रथम जुन्या पंचाची पट्टी करून पाहिली. पंचाचे कापड विरळ असल्याने तीन पदर करूनही त्यात पाणी फारसे राहिले नाही. साधारण निम्मा वेळ होतो न होतो तोच ती पट्टी सुकली आणि करपल्याचा वास येऊ लागला. केक बाहेर काढल्यावर त्याच्या कडेला, पट्टी आधी सुकली त्या बाजूला, तपकिरी पट्टा उमटलेला दिसला आणि केक त्या बाजूला किंचित उतरता झाला होता. पट्टी सुकल्याची ही खात्रीची खूण आहे.

दुसऱ्या वेळी जुना जाड सुती टॉवेल घेतला. टिनच्या उंचीइतकी, म्हणजे ७ सेंटिमीटर रुंद राहील अशी दुपदरी घडी केली. लांबी ७० सेंटिमीटर ठेवली. २० सेंटिमीटर व्यासाच्या टिनचा घेर ६३ सेंटिमीटरच्या आसपास येतो, त्यावर टोके एकमेकांवर चढवायला थोडे कापड लागते. पट्टी पाण्यात पूर्ण भिजवून, थेंब गळायचे थांबेपर्यंतच पिळली, खडखडीत पिळली नाही. मग तिला बाहेरून ॲल्युमिनियम फॉइलचे एक वेष्टण दिले. फॉइल रॉडची झळ परतवते, कापडाला करपू देत नाही आणि पाणी उडण्याचा वेग कमी करते. पट्टी टिनला सगळीकडून घट्ट बसवून स्टीलच्या दोन सेफ्टी पिनांनी अडकवली. प्लास्टिकच्या चिमट्यांचा इथे उपयोग नाही, आणि टेरिकॉट किंवा पॉलिस्टर मिसळलेले कापड तर अजिबात घेऊ नये, ते वितळते. पट्टी टिनच्या बुडाखाली शिरत नाही आणि कुठेही रॉडला टेकत नाही, हे दार बंद करण्यापूर्वी वाकून पाहावे. खालच्या तापलेल्या रॉडवर पाणी ठिबकणेही धोक्याचे असते, म्हणून गळणारी पट्टी आत जाऊ देऊ नये.

पाणी पुरले की नाही हे अंदाजावर न सोडता पट्टी वजनकाट्यावर ठेवली. कोरडी ४० ग्रॅम, भिजवून पिळल्यावर १३५ ग्रॅम आणि केक बाहेर काढल्यावर ७० ग्रॅम भरली. म्हणजे ९५ ग्रॅम पाण्यातले ६५ ग्रॅम उडून गेले आणि शेवटपर्यंत कापड ओले राहिले. एकदा एवढी खात्री झाली की त्याच टॉवेलच्या पट्टीसाठी दर वेळी वजन करण्याची गरज राहत नाही.

या वेळी थर्मामीटर १७० अंशांवर ठेवला होता, कारण भिंतीचे काम पट्टी करत असताना ओव्हन फार उतरवला तर केक उगाच रेंगाळतो. ४५ मिनिटांत केक झाला. कडेची उंची ४.७ आणि मध्याची ५.१ सेंटिमीटर भरली. वरून निघालेला भाग ३० ग्रॅमच्या आसपास होता. आडवे तीन लेअर आरामात निघाले. उभ्या कापात कडेपासून मध्यापर्यंत जाळी एकसारखी दिसली आणि बाहेरची गडद, कोरडी कड जवळजवळ नाहीशी झाली होती. माझ्या दृष्टीने सपाट माथ्यापेक्षा हा फायदा मोठा आहे, कारण फ्रीजमध्ये ठेवलेल्या केकची हीच कड सर्वांत आधी कडक होते.

यात एक गोष्ट मात्र बाईंना नव्याने शिकावी लागली. पूर्वी कडा टिनपासून सुटल्या की केक झाला, असे त्या समजत. पट्टी लावल्यावर कडा उशिरा आणि फारच थोड्या सुटतात, रंगही फिकट राहतो, त्यामुळे त्या खुणेची वाट पाहिली तर केक जास्त भाजला जातो. मध्यभागी काडी घालून ती कोरडी येते का, आणि बोटाने हलके दाबल्यावर माथा पुन्हा वर येतो का, हे पाहावे. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ ते ९७ अंश दिसले की पुरे. कोल्हापूरच्या उंचीवर ओल्या केकच्या आत ९८ च्या वर फारसे काही दिसणार नाही, म्हणून शंभराची वाट पाहत बसू नये.

गरम केकवर स्वच्छ फडके ठेवून फुगवटा तळहाताने दाबण्याची युक्ती या घरातही वापरून झाली होती. तिने माथा खाली बसतो, पण मधली जाळी चेपून त्या जागी चिकट, गच्च थर तयार होतो आणि चीर पडलेली असेल तर तिच्या कडा तुटून वेगळ्या होतात. ती न केलेली बरी.

दोन्ही उपायांपैकी कोणता कधी वापरावा, याचा निर्णय आता बाई स्वतःच घेतात. दोन टिन शेजारी शेजारी ठेवायचे असतील तर लहान ओटीजीत पट्ट्यांची जाडी मावत नाही, तेव्हा त्या १६० अंशांवर भाजून थोडा फुगवटा सोसतात. दही आणि खाण्याचा सोडा घालून केलेल्या बिनअंड्याच्या केकला मात्र पट्टीच लावतात. त्यात सोडा दह्याच्या आंबटपणाशी मिसळताक्षणी वायू सोडू लागतो आणि धरून ठेवायला अंड्याची प्रथिने नसतात. अशा मिश्रणाला कमी आचेवर ताटकळत ठेवले तर वायू निघून जातो आणि केक बसका होतो. ओव्हन १७० ते १७५ वर आणि पट्टी भिंतीवर, ही जोडी तिथे अधिक सोयीची ठरते.

लोफच्या लांबट टिनमधल्या केकला त्या काहीही करत नाहीत. अरुंद आणि खोल टिनमध्ये मधली चीर पडणारच, आणि चहाबरोबर कापून खायच्या केकवर ती शोभतेही. चौकोनी टिनला पट्टी लावताना कोपऱ्यांवर ती ताणून पातळ होते, आणि दोन बाजूंनी उष्णता येत असल्याने कोपरे आधीच लवकर घट्ट होतात. म्हणून तिथे कापडाची एक जादा घडी आत सारावी लागते. १० इंची टिनसाठी पट्टी आणि १६० अंश दोन्ही एकत्र लागतात, वेळ तासाच्या पुढे जातो, आणि चाळीस मिनिटांनी दार न उघडता काचेतून पट्टीकडे पाहून फॉइलच्या फटीतून वाफ अजून निघते आहे ना, एवढे तपासावे लागते. वाफ थांबलेली दिसली तर दार थोडे उघडून, हाताला मोजा घालून, फॉइल आणि कापड यांच्या मधल्या फटीत दोन चमचे गरम पाणी सोडता येते. ते पाणी थंड नसावे आणि मिश्रणावर पडू नये.